एका वितेची खोट

मुलाच्या शाळेच्या पँटचं माप द्यायला मी मास्तरांच्या दुकानात बसलो होतो. मालेगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं एका शटरचं दुकान आहे. तेवढ्यात पलीकडच्या मोहल्ल्यातल्या एक आपा आल्या. सोबत निकाह ठरलेली लेक. आपांनी जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं काउंटरवर सोडलं. आत जांभळी पैठणी होती.

"अम्मीची आहे, मास्तर. हिचा लेकीसाठी शरारा होईल ना? नवा घ्यायचा तर आपल्या ऐपतीबाहेर. जुनी जर घेणारा दारावर आला होता, तो वजनावर पैसे देतो म्हणाला. म्हटलं, जाळून चांदी काढणार, त्यापेक्षा लेकीच्या अंगावर तरी दिसेल."

मास्तरांनी आधी पदर उलटा केला. उलट्या बाजूलाही पोपट तेवढेच स्वच्छ, एकही धागा लोंबत नव्हता. मशीनच्या नकली पैठणीत मागे धाग्यांचं जंजाळ असतं, हे मलाही ठाऊक होतं. पण मास्तर तिथे थांबले नाहीत. पदराखाली हात सरकवत गेले आणि एका जागी त्यांची बोटं अडली. त्यांनी टेप लावला. साडीचा पन्हा तिथे वीतभर लांबीपुरता बोटभर आखडलेला होता. काठातल्या मुनियांच्याही चोची तेवढ्यात दाटून आल्या होत्या.

"ही येवल्याची. बहात्तर सालची," ते म्हणाले.

"अम्मीचा निकाह त्र्याहत्तरचा," आपा चपापून म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

मास्तर स्टुलावर बसले. "दुष्काळाचं वर्ष. आमच्या घरी हातमाग होता. अब्बांना ताप आला आणि साडी तर शेठला द्यायची होती. मी तेरा वर्षांचा. कांड्या भरून द्यायचं काम माझं, विणायचं नाही. अब्बा झोपलेले बघून मी मागावर बसलो. बाण्याचा धागा हलक्या हाताने सोडायचा असतो, थोडी ढील ठेवून. मी भीतीने प्रत्येक फेरीला ओढत गेलो. ओढलं की दोन्ही काठ आत येतात. वीतभर झाल्यावर अब्बा उठले."

"मारलं?" लेकीने विचारलं.

"नाही. उसवायचं म्हटलं तर काठाचा प्रत्येक रंग वेगळ्या कांडीचा, शेजारच्या धाग्यात अडकवलेला. दोन-तीन दिवस गेले असते आणि रेशीम खराब झालं असतं ते वेगळंच. ते पुढे विणत गेले. शेठने बोट फिरवलं आणि मजुरीतले पैसे कापले. त्या महिन्यात घरी गहू आला नाही, मिलोच खाल्ला. मी शिवणकाम शिकायला गेलो ते त्यानंतर."

आपा बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अम्मी सांगायची, अब्बांना पैठणी परवडणारी नव्हतीच. येवल्यात एका दुकानदाराने खोट आहे म्हणून निम्म्या पैशांत दिली."

मास्तरांनी मान खाली घातली. खरं सांगायचं तर मला तिथून उठावंसं वाटत होतं, पण पँटचं माप राहिलं होतं.

थोड्या वेळाने ते कामाचं बोलले. "शरारा नको, आपा. कळीसाठी पदर तिरका किंवा उभा कापला की हे पोपट सुटतील. इथे धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही, प्रत्येक रंग आपल्या जागेतच मागे वळतो. कैचीने ती वळणं कापली की धागे निसटतात, शिलाई धरत नाही. शिवाय घड्यांवर रेशीम विरलंय, घेराचं वजन पेलणार नाही." त्यांनी पदर उजेडात धरला. घडीच्या रेषेवर बारीक चिरा दिसल्या. "आडवी एकच काप घेऊ, बाण्याच्या ओळीत. पदरासकट अडीच मीटरची ओढणी होईल. मागून मलमलचं अस्तर, म्हणजे ओढ मलमलवर येईल. शरारा साध्या कपड्याचा शिवतो. बाकीची साडी जपून ठेवा."

लेकीला शराऱ्याचीच हौस होती, तिचं तोंड उतरलं. पण तिने ओढणी डोक्यावर घेऊन आरशात पाहिलं आणि आईकडे बघून मान हलवली.

मास्तरांनी अडीच मीटरवर खडूची खूण केली. खूण नेमकी आखडलेल्या वितेच्या अलीकडे पडली होती. लेकीने खाली वाकून पाहिलं.

"चाचा, ती वीत ओढणीत येऊ द्या ना."

"लांब होईल, बेटा. आणि तिथे काठ सरळ दिसणार नाही."

"चालेल."

त्यांनी खडू पुसला आणि नवी रेघ वीतभर पुढे ओढली. मग टेप गळ्यात टाकून माझ्याकडे वळले, "हां सर, बोला, मुलाची कंबर किती?"