व्हिडिओ कंटाळवाणा नव्हता, तो सुरूच झाला नाही!

व्हिडिओ चालला नाही की ‘विषयच बोअर होता’ असं म्हणून पुढं जाण्याची सवय अनेक न्यूजरूमना लागली आहे. प्रत्यक्षात स्लो नेटवर्कवरचा प्रेक्षक अनेकदा पहिलं दृश्य दिसण्याआधीच निघून गेलेला असतो.

एक साधं गणित पाहू. ऑनलाइन व्हिडिओ छोट्या तुकड्यांमध्ये डाउनलोड होतो. समजा, एक तुकडा ४ सेकंदांचा आहे आणि बिटरेट १५०० केबीपीएस. म्हणजे तो तुकडा ६००० किलोबिटचा झाला. एसटी स्टँडवरच्या गर्दीत मोबाइलला ६०० केबीपीएस स्पीड मिळत असेल, तर हा तुकडा यायला १० सेकंद लागतात. तोवर स्क्रीनवर नुसतं गोल फिरणारं चक्र! पुढंही तेच. ४ सेकंद व्हिडिओ चालणार, ६ सेकंद अडकणार.

अकामाईच्या डेटावर कृष्णन आणि सीतारामन या संशोधकांनी २०१२ मध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं, की व्हिडिओ सुरू व्हायला २ सेकंदांहून जास्त वेळ लागला की लोक सोडून जाऊ लागतात आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला ही गळती सुमारे ५.८ टक्क्यांनी वाढते. विशेष म्हणजे फायबरवाल्यांपेक्षा मोबाइलवरचे प्रेक्षक जास्त वेळ थांबले. म्हणजे मोबाइलवाला उतावळा आहे, हा समज चुकीचा. तो थांबून थकतो आणि मग जातो.

मग बिटरेट कमी केला की काम झालं? तोच तुकडा ३०० केबीपीएसचा केला, तर २ सेकंदांत येतो आणि व्हिडिओ अडकतही नाही. पण चित्र पुसट होतं. बाजारभावाच्या तक्त्यातले आकडे वाचताच आले नाहीत, तर प्रेक्षक तेव्हाही जाणारच. म्हणून सुरुवात कमी बिटरेटने करावी, स्पीड मिळेल तसा तो वाढवावा आणि आकडे मोठ्या अक्षरांत दाखवून निवेदनातही सांगावेत.

खरं कारण ओळखायचं कसं? एकाच व्हिडिओचे वायफाय आणि मोबाइल डेटावरचे आकडे वेगळे काढा. दोन्हीकडे लोक एकाच ठिकाणी सोडत असतील, तर दोष बहुधा मजकुराचा. फक्त मोबाइल डेटावर, तेही सुरुवातीलाच सोडत असतील, तर दोष लोडिंगचा असण्याची शक्यता जास्त. यासाठी प्ले दाबूनही पहिलं दृश्य न पाहिलेल्यांची स्वतंत्र मोजणी हवी. व्ह्यूची मोजणी व्हिडिओ सुरू झाल्यावरच होत असेल, तर हे लोक आकड्यांत दिसतच नाहीत.

ही मोजणी न करता एखादा विषय बंद करणं, हा त्या विषयावर आणि स्लो नेटवर्कवर थांबून राहिलेल्या प्रेक्षकावरही अन्याय आहे.