बोटी कुणाच्या ताटात?

‘चाळिशी उलटली की मेटाबॉलिझम मंदावतो, खाणं कमी कर.’ आमच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि ते चूक आहे. 2021 साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात शरीराचा आकार आणि स्नायू लक्षात घेतले, तर विशीपासून साठीपर्यंत ऊर्जेचा खर्च जवळपास सारखाच निघाला. या वयात कमी होतात ते स्नायू. इस्ट्रोजेन खालीवर होतं आणि चरबी मांड्यांऐवजी पोटावर साठू लागते. घाम फुटून रात्रीची झोप मोडते, आणि अर्धवट झोपेनंतर भूक वाढते.

आमच्या एक आपा सेहेचाळीस वर्षांच्या. सकाळी लिंबू-मध, दुपारी एक पोळी-भाजी, रात्री काही नाही. तीन महिन्यांत 74 किलोंवरून 68 वर आल्या. सगळ्यांनी मुबारकबाद दिली. मी कमरेला टेप लावली, तर जेमतेम एक सेंटिमीटर फरक. खुर्चीतून उठताना त्यांना हाताचा आधार लागत होता. मग गेलं काय? बराचसा स्नायूच गेला असणार. काटा चरबी आणि स्नायू वेगळे दाखवत नाही. टेप आणि खुर्ची दाखवतात.

आता माझा खरा राग. आपल्या घरांत सालन शिजवते बाई, बोट्या जातात मर्दांच्या आणि मुलांच्या ताटात, तिच्या वाट्याला रस्सा. म्हणजे तेल तिचं, प्रथिनं दुसऱ्याची! वर तिलाच डाएटचा सल्ला.

वजनाच्या दर किलोमागे रोज एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवीत. आपांसाठी म्हणजे निदान सत्तर ग्रॅम. सकाळी दोन अंडी, 12 ग्रॅम. दुपारी वाटीभर घट्ट डाळ, दही आणि दोन चपात्या, मिळून 18. पाचला मूठभर फुटाणे, 6. रात्री सव्वाशे ग्रॅम शिजलेलं चिकन आणि एक चपाती, साधारण 33. झाले 69. किडनीचा आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. कपात हवीच, पण ती तेलात, चहाच्या साखरेत, खारीत. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा वेगाने उतरू नका.

आणि नुसतं चालून स्नायू परत येत नाहीत. हात छातीशी घेऊन खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा, असे तीन फेरे, मग भिंतीला टेकून तितकेच दंड. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. सोपं वाटू लागलं की पाच किलो आट्याची पिशवी छातीशी धरा. अंग तीन-तीन दिवस दुखत राहिलं तर जास्त झालं, फेरे कमी करा. या वयात सावरायला वेळ लागतो.

पाळीत फार रक्त जात असेल आणि थकवा हटत नसेल, तर व्यायामाआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. आपांचं हिमोग्लोबिन नऊ निघालं. तोवर घरात सगळे त्यांना ‘आळशी’ म्हणत होते.