तारांच्या रंगावर विसंबू नका, आधी हॉल सेन्सर तपासा

सायकलला हब मोटर बसवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. मोटरची पिवळी, हिरवी, निळी तार कंट्रोलरच्या पिवळ्या, हिरव्या, निळ्या तारेला जोडून थेट थ्रॉटल पिळू नका. रंगांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. रंग जुळले तरी क्रम चुकीचा असू शकतो, आणि अशा वेळी पूर्ण थ्रॉटल दिला तर कंट्रोलरमधले मॉसफेट जळतात.

क्रमाला एवढं महत्त्व का, ते समजून घ्या. या मोटरमध्ये कार्बन ब्रश नसतात. गुंडाळ्या मधल्या स्थिर भागावर, म्हणजे स्टेटरवर असतात आणि चुंबक बाहेरच्या फिरत्या ड्रममध्ये. कंट्रोलर एका वेळी दोनच जाड तारांतून करंट सोडतो, तिसरी बंद ठेवतो. चुंबक जरा पुढे सरकले की ही जोडी बदलावी लागते. ती नेमकी कधी बदलायची हे स्टेटरवर बसवलेले तीन हॉल सेन्सर सांगतात. समोर चुंबकाचा कोणता ध्रुव आहे त्यानुसार प्रत्येक सेन्सर शून्य किंवा एक कळवतो.

तिघांचे संकेत एकत्र वाचले तर चाक फिरताना हा क्रम दिसतो: १०१, १००, ११०, ०१०, ०११, ००१, आणि पुन्हा १०१. चाक उलटं फिरवलं तर हाच क्रम उलटा येतो. सायकलच्या बहुतेक मोटरमध्ये ००० किंवा १११ कधीच येत नाही. आलंच तर एखादा सेन्सर किंवा त्याची तार गेली आहे. बिनगिअरच्या हब मोटरमध्ये बऱ्याचदा ४६ चुंबक असतात, म्हणजे ध्रुवांच्या २३ जोड्या. दर जोडीमागे सहा स्थितींचा हा क्रम एकदा पूर्ण होतो, त्यामुळे चाकाच्या एका फेरीत तारांची जोडी १३८ वेळा बदलते. चाक जेमतेम अडीच अंश सरकलं की पुढची स्थिती.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. तीन जाड तारा सुट्या ठेवा आणि त्यांची टोकं एकमेकांना लागणार नाहीत अशी झाका. पाच बारीक तारांचा हॉल कनेक्टर मात्र कंट्रोलरला जोडलेलाच असू द्या, कारण सेन्सर संकेत फक्त खाली खेचतो, वर खेचणारा रेझिस्टर कंट्रोलरमध्ये असतो. बॅटरी चालू करा, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. कनेक्टरच्या मागच्या बाजूने काळा प्रोब काळ्या तारेला, लाल प्रोब लाल तारेला लावा. सुमारे ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग लाल प्रोब एकेका सिग्नल तारेवर नेऊन चाक हाताने अगदी हळू फिरवा. आकडा शून्याजवळ आणि पाचाजवळ असा स्वच्छ पलटला पाहिजे. गिअरवाल्या हबमध्ये चाक मागे फिरवा, नाहीतर आतली मोटर फिरतच नाही.

एका तारेवर आकडा अडकून राहिला, तर चालवताना त्याचं लक्षण ठरलेलं असतं. उभ्या सायकलवर थ्रॉटल दिला की मोटर खडखडते, जागची हलत नाही. पायाने ढकललं तर चालू लागते. असं दिसलं तर जाड तारांची अदलाबदल करत बसू नका.

तिन्ही सेन्सर ठीक असतील तर जुळणी सोपी आहे. हॉलच्या तारा आहेत तशा ठेवा, फक्त जाड तारांच्या सहा जुळण्या पाहा. प्रत्येक बदलाआधी बॅटरी काढा. चाक हवेत उचललेलं असू द्या, थ्रॉटल किंचितच द्या. सहांपैकी एकच जुळणी खरी असते. मोटर फिरली म्हणजे जुळलं, असं मानू नका. आणखी दोन जुळण्यांत चाक फिरू शकतं, पण गुरगुरतं, गरम होतं आणि रिकाम्या चाकालाही कित्येक पट करंट खातं. म्हणून बॅटरीच्या तारेत वॉटमीटर लावा: सर्वांत कमी करंट आणि सर्वांत शांत आवाज, तीच खरी जुळणी. ती नेमकी उलट्या दिशेने निघाली, तर हॉलच्या कोणत्याही दोन सिग्नल तारा आपसात बदला आणि जाड तारांच्या सहा जुळण्या पुन्हा पाहा.

सेन्सर गेलाच असेल तर मोटर टाकून देऊ नका. तो काही रुपयांचा सुटा भाग आहे. लॅच प्रकारचाच घ्या. हब उघडण्याचीच मेहनत मोठी, तेव्हा तिन्ही बदला आणि छापील बाजू जुन्यासारखीच ठेवा. स्टेटर परत आत बसवण्याआधी हॉल कनेक्टर कंट्रोलरला जोडा आणि छोट्या चुंबकाचा एक ध्रुव, मग दुसरा, असा एकेका सेन्सरजवळ न्या. मीटरवरचा आकडा तिन्ही ठिकाणी पलटला तरच मोटर बंद करा.