शब्द नसलेले छायाचित्र आणि भाषांतरकाराचे उत्तर

भाषांतराच्या स्वाध्यायांत आजवर तुमच्यासमोर उतारे आले, पत्रे आली, जाहिराती आणि सूचनाफलक आले. त्या प्रत्येक ठिकाणी मूळ भाषा कोणती, हे विचारावे लागत नव्हते. ती समोर होती. या टिपणात मी अशा एका छायाचित्राविषयी लिहिणार आहे, ज्यात कोणतीच भाषा नाही. आहेत ती केवळ चित्रचिन्हे आणि एक व्यापारचिन्ह. असे छायाचित्र ‘मराठीत भाषांतर करून द्या’ या विनंतीसह आले, तर ‘यात भाषांतर करण्याजोगा मजकूर नाही’ हेच त्याचे योग्य आणि पूर्ण उत्तर होय, असे माझे मत आहे. हे उत्तर अनेकांना अपुरे वाटते, काहींना तर कामचुकारपणाचे वाटते. म्हणून ते सविस्तर मांडतो.

छायाचित्र पुण्याच्या मार्केट यार्डातले आहे. गुलटेकडीच्या या बाजारातील फळांच्या विभागात एका गाळ्यासमोर पुठ्ठ्याच्या खोक्यांची थप्पी लागलेली आहे आणि चित्रचौकटीत त्यांपैकी एका खोक्याची एकच बाजू पूर्ण दिसते. त्या बाजूवर आडव्या रेषेवर उभे असलेले दोन बाण आहेत. शेजारी उंच दांड्याचा पेला आहे, मग छत्री आहे. त्यापुढे एकावर एक ठेवलेल्या चौकोनांची आकृती असून तिच्यात चार हा आकडा आहे. खालच्या कोपऱ्यात वर्तुळात बसवलेले हिरवे पान आहे. बाजारातली माणसे ज्याला ‘मार्का’ म्हणतात, तो हा. अक्षर एकही नाही.

हे छायाचित्र मी एका संपर्कसत्रात भाषांतरासाठी दिले होते. बहुतेकांनी पाच वाक्ये लिहून दिली : ‘ही बाजू वर ठेवा. माल नाजूक आहे, सांभाळून हाताळा. पावसापासून जपा. चारपेक्षा जास्त खोकी रचू नका. शंभर टक्के नैसर्गिक.’ वाक्ये सुबक होती, क्रियापदांची आज्ञार्थी रूपे अचूक होती. शेवटचे वाक्य तर केवळ पानाचा हिरवा रंग पाहून सुचलेले होते. परंतु या पाचांपैकी एकही वाक्य त्या खोक्यावर लिहिलेले नव्हते.

यात बिघडले काय, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी हे छायाचित्र एका वादात सापडले आहे, अशी कल्पना करा. तळच्या खोक्यांतली फळे दबली आहेत. अडत्या म्हणतो, माल वाहतुकीत खराब झाला. वाहतूकदार म्हणतो, उतरवताना हमालांनी थप्पी चुकीची लावली. नुकसानभरपाईच्या कागदपत्रांत हे छायाचित्र आणि त्याखाली तुमचे ‘भाषांतर’ जोडलेले आहे. निर्णय देणारा अधिकारी ते वाचतो. भाषांतर या शब्दाचा त्याच्या लेखी एकच अर्थ आहे : एका भाषेत जे लिहिले होते, ते दुसऱ्या भाषेत आणले. तेव्हा ‘चारपेक्षा जास्त खोकी रचू नका’ हे वाक्य पाहून तो असेच मानणार, की खोक्यावर तशी लेखी सूचना होती आणि हमालांनी ती डावलली. प्रत्यक्षात हमालासमोर होते काही चौकोन आणि एक आकडा. जी सूचना शब्दांत कधी दिलीच गेली नव्हती, ती तुमच्या लेखणीने दिली आणि तिचा दोष पाठीवर माल वाहणाऱ्या माणसाच्या माथी गेला. खाली ‘मूळाबरहुकूम भाषांतर’ अशी तुमची सही असेल, तर ती सही खोटी ठरते.

यावर एक अभ्यासपूर्ण आक्षेप घेतला जातो. रोमान याकबसन यांनी १९५९ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात भाषांतराचे तीन प्रकार सांगितले : एकाच भाषेच्या आत होणारे, दोन भाषांमध्ये होणारे आणि दोन चिन्हव्यवस्थांमध्ये होणारे. मग चित्रातून शब्दांत जाणे हे तिसऱ्या प्रकारचे भाषांतर का मानू नये? याकबसन यांची व्याख्या नीट वाचा. तिसऱ्या प्रकारात त्यांनी भाषिक चिन्हांचा अर्थ भाषेतर चिन्हांनी लावणे सांगितले आहे. कादंबरीवरून चित्रपट, कवितेवरून नृत्य अशी वाट. आपल्या खोक्याची वाट नेमकी उलटी आहे. पुढच्या अभ्यासकांनी ही संज्ञा दोन्ही दिशांनी वापरली आहे आणि सिद्धान्ताच्या वर्गात त्यावर चर्चा अवश्य व्हावी. पण ज्याने तुम्हांला छायाचित्र पाठवले, त्याने याकबसन यांच्या तिसऱ्या प्रकाराची मागणी केलेली नाही. तो ‘भाषांतर’ हा शब्द व्यवहारातल्या अर्थाने वापरतो आणि त्याच अर्थाने तुमचे उत्तर वाचणार आहे.

याहून महत्त्वाचे कारण चिन्हांच्या स्वभावात आहे. वाक्यात कर्ता, क्रियापद, अर्थ ठरलेले असतात. विधान कोणते आणि आज्ञा कोणती, हे क्रियापदाच्या रूपावरून कळते. चित्रचिन्हाला क्रियापद नसते. पेल्याचे चित्र घ्या. आत पेले आहेत, असे ते सांगते का? खोक्यात फळे आहेत. म्हणजे पेला पेल्याचा वाचक नाही. काच फुटते या अनुभवावरून तो नाजूकपणाकडे बोट दाखवतो. हा अर्थ चित्रातून आपोआप निघत नाही, तो संकेताने ठरलेला आहे. मालाच्या वेष्टनांवरील अशा चिन्हांसाठी आयएसओ ७८० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि बाण, पेला, छत्री यांचे अर्थ त्यात नेमून दिलेले आहेत. छत्री आपल्याकडे उन्हातही उघडतात. परंतु त्या मानकात छत्री ओलाव्यापासून संरक्षणासाठी आहे आणि उन्हासाठी सूर्याचे वेगळे चिन्ह आहे. केवळ छत्रीकडे पाहून हे कुणालाही कळणार नाही.

थप्पीच्या आकृतीत तर अडचण आणखी स्पष्ट होते. आकडा चार आहे. थप्पीत तळच्यासह एकूण चार खोकी असावीत, की तळच्या खोक्यावर आणखी चार ठेवता येतील, म्हणजे एकूण पाच? दोन्ही वाचने संभवतात आणि आकृती स्वतः यांपैकी कोणते, ते सांगत नाही. खोके बनवणाऱ्याने कोणती व्याख्या पाळली, हे ठाऊक असेल तरच उत्तर मिळते. ‘चारपेक्षा जास्त खोकी रचू नका’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने नकळत एक वाचन निवडले आणि दुसरे पुसून टाकले. वर कल्पिलेल्या वादात थप्पी नेमकी पाच खोक्यांची असेल, तर सगळा निकाल या एका निवडीवर फिरतो.

आणि पान? ते व्यापारचिन्ह आहे. मालाचा धनी कोण, एवढेच ओळखू यावे यासाठी ते असते. पान म्हणजे नैसर्गिक, हे आपण जाहिरातींतून उचललेले साहचर्य आहे. व्यापारचिन्हाचे भाषांतर होत नाही. ते कोणाचे आहे हे खात्रीने माहीत असेल तर नाव सांगावे, नसेल तर आकार सांगून थांबावे.

आता दुसरी बाजू. ‘मजकूर नाही’ हे विधानही पुरावा पाहूनच करायचे असते. आळसाने केले तर तेही खोटेच. छायाचित्र मोठे करून पाहा, उलटे आणि आडवे फिरवून पाहा. चिकटपट्टीच्या कडेखाली, पुठ्ठ्याच्या घडीत, शिक्क्याच्या अस्पष्ट शाईत अक्षरे लपलेली असतात. व्यापारचिन्हाच्या आत विशेष लक्ष द्या. ॲगमार्कच्या चिन्हात तो शब्दच लिहिलेला असतो, तेव्हा ते निव्वळ चित्र नव्हे. प्लॅस्टिकच्या क्रेटवर बाणांच्या त्रिकोणात दोन किंवा पाच असा आकडा असतो. त्याला अनेक जण ‘पुनर्वापर करा’ ही सूचना समजतात. वास्तविक तो आकडा प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो आणि पुष्कळदा त्रिकोणाखाली त्या प्रकाराची आद्याक्षरेही उठावात कोरलेली असतात. उठावातली अक्षरे छायाचित्रात सावलीनेच काय ती दिसतात.

आणखी एक भेद कटाक्षाने पाळा. मार्केट यार्डात परदेशी फळांची खोकीही येतात. एखाद्या मार्क्यातील नक्षी ही वळणदार अरबी किंवा शिक्क्याच्या घाटाची चिनी अक्षरे असू शकते. तशी शंका आली तर ‘मजकूर नाही’ असे लिहू नका. ‘ही अक्षरे असण्याची शक्यता आहे, ती मला वाचता येत नाहीत’ असे लिहा. आपल्याला न येणारी लिपी म्हणजे लिपीचा अभाव नव्हे. तसेच ‘खोक्यावर मजकूर नाही’ असेही म्हणू नका. तुम्हांला एकच बाजू दिसली आहे. उरलेल्या पाच बाजूंबद्दल बोलण्याचा अधिकार तुम्हांला छायाचित्राने दिलेला नाही.

हे सारे पाहून झाल्यावर आपल्या छायाचित्राचे उत्तर मी असे लिहीन :

‘छायाचित्रात दिसणाऱ्या भागात कोणत्याही भाषेतील शब्द वा वाक्य नाही. ४ हा एक आकडा आहे. त्यामुळे भाषांतर दिलेले नाही. सोयीसाठी चिन्हांचे वर्णन देत आहे. ते भाषांतर नव्हे. आडव्या रेषेवर दोन ऊर्ध्वमुखी बाण, दांड्याचा पेला, छत्री, आणि ४ हा आकडा असलेली थप्पीची आकृती. मालवाहतुकीच्या प्रचलित संकेतानुसार ही चिन्हे अनुक्रमे वरची बाजू, नाजूक माल, ओलाव्यापासून संरक्षण आणि थप्पीची मर्यादा यांसाठी वापरतात. थप्पीची मर्यादा तळचे खोके धरून की सोडून, हे आकृतीवरून ठरत नाही. वर्तुळातील हिरवे पान हे व्यापारचिन्ह दिसते. ते कोणाचे, हे छायाचित्रावरून सांगता येत नाही. खोक्याच्या अन्य बाजूंवर मजकूर असल्यास त्यांची छायाचित्रे पाठवावीत.’

या उत्तरात काय दिसते, संकेत काय सांगतो आणि काय ठरवता येत नाही, हे तीन थर वेगळे राहिले आहेत. वर्णनात मी आज्ञार्थी क्रियापद एकदाही वापरलेले नाही, ते हेतुपुरस्सर. आज्ञा देणारा आवाज त्या बाजूवर नव्हता. अवतरणचिन्हांतही चिन्हांचा अर्थ कुठे घातलेला नाही, कारण अवतरण म्हणजे कुणाचे तरी शब्द. आकडा मराठी वळणाने लिहिला आहे. ते लिप्यंतर झाले, भाषांतर नव्हे.

राहिला मोबदल्याचा प्रश्न, जो तुमच्यापैकी नोकरी सांभाळून भाषांतराची कामे घेणारे नक्की विचारतील. शब्दामागे दर ठरलेला असेल, तर इथे शब्दसंख्या शून्य येते, आणि पाच वाक्ये रचण्याचा मोह बराचसा तिथूनच होतो, असे मला वाटते. छायाचित्र तपासायला मात्र वेळ गेलेला असतो. म्हणून काम घेतानाच छायाचित्रांसाठी तपासणीचे किमान शुल्क वेगळे सांगून ठेवावे आणि देयकात ‘भाषांतरित शब्द : ०, तपासणी व वर्णन : एक छायाचित्र’ अशी नोंद करावी.