आठवणीचा कालावधी आणि गरिबीचा आकडा

सन २००४-०५ मध्ये भारतात किती लोक दारिद्र्यरेषेखाली होते, या प्रश्नाला तत्कालीन नियोजन आयोगाने एकाच वेळी दोन उत्तरे दिली होती. एक होते २७.५ टक्के आणि दुसरे २१.८ टक्के. दोन्ही आकडे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या एकाच फेरीतून आले होते. कुटुंबे तीच होती आणि त्यांच्या दारात जाणारे प्रगणकही तेच होते. कपडे, पादत्राणे, टिकाऊ वस्तू, शिक्षण आणि रुग्णालयातील उपचार या पाच बाबींवरील खर्च विचारताना मात्र दोन काळ वापरले गेले : गेले ३० दिवस आणि गेले ३६५ दिवस. पहिला काळ धरला तर गरीब अधिक निघाले, दुसरा धरला तर कमी. या दोन उत्तरांमधील अंतर सुमारे सहा कोटी माणसांचे होते.

प्रश्नातील ‘गेल्या किती दिवसांत’ हा भाग धोरणचर्चेत सहसा तळटीपेत जातो. प्रत्यक्षात खर्च, प्रवास आणि आजारपण यांविषयीच्या आपल्या बहुतेक राष्ट्रीय आकड्यांचा पाया तोच असतो. तो कसा ठरवावा याचे जगातील सर्वांत बोलके धडे भारताच्याच पाहण्यांनी दिलेले आहेत.

सहा कोटींचा फरक कसा पडतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. बारा सारखी कुटुंबे आहेत असे समजू. प्रत्येकाचा इतर खर्च दरमहा ४,५०० रुपये आहे आणि प्रत्येक कुटुंब वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी ३,००० रुपयांचे कपडे घेते. म्हणजे कपड्यांचा मासिक खर्च सरासरी ५०० रुपये आणि एकूण खर्च ५,००० रुपये. दारिद्र्यरेषा ४,८०० रुपयांवर असेल, तर बाराही कुटुंबे तिच्या वर आहेत. पाहणी वर्षभर पसरलेली असेल आणि प्रश्न गेल्या ३० दिवसांचा असेल, तर साधारण दोनच कुटुंबे ३,००० रुपये सांगतील आणि उरलेली दहा शून्य. सरासरी अगदी बरोबर येईल, पण दहा कुटुंबे ४,५०० रुपयांवर, म्हणजे रेषेखाली नोंदवली जातील. त्यांपैकी कोणीही खोटे बोललेले नाही आणि कोणाची स्मृतीही चुकलेली नाही. क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी प्रश्नाची खिडकी फार अरुंद होती, इतकेच.

वर्षाचा प्रश्न हा दोष दूर करतो, पण त्याची किंमत घेऊन. मधल्या काळात घेतलेला टॉवेल आणि चपलांचा जोड विसरला जातो, त्यामुळे या बाबींवरील सरासरी खर्च थोडा कमी नोंदला जातो. तरीही तळच्या कुटुंबांची खोटी शून्ये नाहीशी होत असल्याने गरिबीचे प्रमाण खाली येते. सरासरी आणि गरिबी या दोन मापांना एकच कालावधी सारखाच मानवत नाही.

अन्नाच्या बाबतीत अडचण नेमकी उलट आहे. तांदूळ, तेल, भाजी ही रोजची खरेदी. तिच्यात शून्याचा प्रश्न नाही, विस्मरणाचा आहे. महिन्याभरात किती वेळा टोमॅटो घेतले, हे कोण सांगणार? म्हणून आठवड्याचा प्रश्न स्वाभाविक वाटतो. पण लहान कालावधीत दुसरी चूक शिरते. आठ-दहा दिवसांपूर्वी आणलेले तेलाचे डबे बोलण्याच्या ओघात ‘या आठवड्यात’ येऊन बसतात. दूरची घटना जवळ ओढली जाते आणि आठवड्याचा आकडा महिन्यावर नेताना ती चूकही चौपटीहून अधिक होते. प्रशांतचंद्र महालनोबिस आणि एस. बी. सेन यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी पश्चिम बंगालमध्ये घरोघरी धान्य प्रत्यक्ष तोलून पाहिले होते. तोललेल्या आकड्याशी आठवड्याच्या उत्तरापेक्षा महिन्याचे उत्तर अधिक जुळले. पुढील कित्येक दशके राष्ट्रीय नमुना पाहणीने ३० दिवसांचा काळ कायम ठेवला तो या अनुभवामुळे.

१९९४ ते १९९८ या काळात संस्थेने नवा प्रयोग केला. यदृच्छेने निवडलेल्या काही कुटुंबांना जुनी प्रश्नावली दिली. इतरांना अन्न, पान आणि तंबाखू यांसाठी सात दिवसांचा, तर क्वचित खरेदीसाठी वर्षाचा प्रश्न विचारला. आठवड्याच्या प्रश्नाने अन्नखर्च सुमारे ३० टक्क्यांनी आणि एकूण खर्च सुमारे १५ टक्क्यांनी अधिक दाखवला. भारतात दारिद्र्यरेषेच्या आसपास फार दाट लोकवस्ती असल्याने एवढ्या फरकाने गरिबीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येत होते. येथपर्यंतचा प्रयोग निर्दोष होता, कारण दोन गटांना दोन स्वतंत्र प्रश्नावल्या दिलेल्या होत्या.

चूक झाली ती १९९९-२००० च्या मोठ्या फेरीत. अन्नाच्या प्रत्येक बाबीसाठी सात दिवसांचा आणि ३० दिवसांचा रकाना एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापला गेला आणि दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला विचारले गेले. आठवड्याचा आकडा आधी सांगितला की माणूस महिन्याचे उत्तर आठवत नाही, तो गुणाकार करतो. प्रगणकही दोन आकड्यांत विसंगती दिसली की पुन्हा विचारतो. परिणामी पूर्वीच्या प्रयोगांत दिसलेली मोठी दरी या फेरीत बहुतांशी मिटली आणि महिन्याचे उत्तर वर ओढले गेल्याचा संशय बळावला. या आकड्यांवरून गरिबी १९९३-९४ मधील ३६ टक्क्यांवरून २६.१ टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले. आर्थिक सुधारणांच्या समर्थकांना तो विजय वाटला, टीकाकारांना फसवणूक. वादाचे खरे मूळ मात्र दोन रकान्यांत होते.

अँगस डीटन यांनी त्यातून एक वाट काढली. इंधन, दिवाबत्ती, बाह्यरुग्ण उपचार अशा काही बाबींसाठी दोन्ही फेऱ्यांत केवळ ३० दिवसांचाच प्रश्न होता. या न बदललेल्या खर्चाचे एकूण खर्चाशी असलेले नाते १९९३-९४ च्या आकड्यांवरून काढून त्यांनी नव्या फेरीतील गरिबीचा अंदाज बांधला. ग्रामीण भागात अधिकृत २७.१ टक्क्यांऐवजी ३०.२ टक्के आणि शहरी भागात २३.६ ऐवजी २४.७ टक्के असे आकडे आले. म्हणजे घट खरी होती, पण ग्रामीण घट सांगितली गेली तेवढी मोठी नव्हती. या पद्धतीलाही मर्यादा आहे. ते नाते सहा वर्षांत बदललेले नाही, हे गृहीत धरावे लागते. अभिजित सेन आणि हिमांशू यांनी याच गृहीतकाला आव्हान देऊन घट याहूनही कमी असल्याचे मांडले. बिघडलेला प्रश्न नंतर कितीही कौशल्याने दुरुस्त केला, तरी उत्तरात असे एखादे गृहीतक शिल्लक राहतेच.

योग्य मार्ग स्वतंत्र मोजणीनेच सापडला. सन २००० मध्ये संस्थेने एक चाचणी पाहणी घेतली आणि दोन्ही काळांची उत्तरे अधिक काटेकोर मोजमापाशी ताडून पाहिली. धान्य, डाळी, दूध यांसारख्या ठरावीक मापाने लागणाऱ्या वस्तूंसाठी महिनाच बरा ठरला. भाजी, फळे, अंडी, मासे, मांस अशा थोड्याथोड्या आणि अनियमित खरेदीसाठी आठवडा अधिक खरा निघाला. २००९-१० पासून आलेली सुधारित मिश्र पद्धत याच विभागणीवर उभी आहे : काही बाबींना सात दिवस, काहींना ३० आणि क्वचित खरेदीला ३६५. घटना किती वेळा घडते आणि ती किती ठळकपणे आठवते, या दोन कसोट्या येथे एकत्र लावल्या गेल्या.

आजारपणात तिसरी कसोटी लागते : विसरतो कोण? जिष्णू दास, जेफ्री हॅमर आणि कॅरोलिना सांचेझ-पॅरामो यांनी दिल्लीतील कुटुंबांच्या पाहणीत आठवड्याची आणि महिन्याची उत्तरे ताडून पाहिली. महिन्याच्या प्रश्नाला आजार आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या अपेक्षेपेक्षा खूप कमी नोंदल्या गेल्या, आणि ही गळती श्रीमंतांपेक्षा गरिबांत कितीतरी अधिक होती. वारंवार आजारी पडणाऱ्याला खोकला-ताप ही सांगण्याजोगी घटनाच वाटेनाशी होते. आठवड्याच्या उत्तरांत गरीब अधिक वेळा डॉक्टरकडे जाताना दिसत, महिन्याच्या उत्तरांत श्रीमंत. गरीब उपचारच घेत नाहीत, असा निष्कर्ष काढून कोणी दवाखाने वाढवण्याची योजना आखली असती, तर तिचा आधार विस्मरण हा ठरला असता. विस्मरण सर्वांमध्ये सारखे असते तर केवळ पातळी चुकली असती. येथे विषमतेची दिशाच उलटली.

रुग्णालयात दाखल होणे मात्र कोणी सहज विसरत नाही आणि ते घडतेही क्वचित. वर्षाला शंभरातील तीन जण दाखल होत असतील, तर १५ दिवसांच्या खिडकीत आठशे माणसांमागे जेमतेम एक जण सापडेल. म्हणूनच राष्ट्रीय नमुना पाहणी साध्या आजारांसाठी १५ दिवस आणि रुग्णालयातील उपचारांसाठी ३६५ दिवस धरते. त्या वर्षभरात मरण पावलेल्या सदस्यांचाही ती विचार करते, कारण सर्वांत गंभीर रुग्ण उत्तर द्यायला उरलेले नसतात. प्रवासालाही हाच न्याय लागू पडतो. कामावरची ये-जा कालची विचारावी, नातेवाइकांकडचा मुक्काम महिन्याचा आणि सहल किंवा तीर्थयात्रा वर्षाची.

या इतिहासाचा उपयोग आजचे आकडे वाचताना होतो. २०२२-२३ मध्ये ग्रामीण भागातील दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये होता आणि तो सुधारित मिश्र पद्धतीने मोजलेला आहे. २०११-१२ चा त्याच पद्धतीचा आकडा १,४३० रुपये, तर सर्वच बाबींसाठी ३० दिवस धरणाऱ्या जुन्या पद्धतीचा १,२७९ रुपये आहे. पहिल्याशी तुलना केली तर चालू किमतींनुसार वाढ सुमारे २.६ पट दिसते, दुसऱ्याशी केली तर २.९ पट. यातील दुसरी तुलना चुकीची आहे. पहिलीही पूर्णपणे निर्दोष नाही, कारण नव्या पाहणीत प्रश्नावली तीन भागांत विभागून प्रत्येक कुटुंबाकडे महिन्यातून एकदा अशा तीन भेटी दिल्या गेल्या, आणि पूर्वी हे सारे एकाच भेटीत उरकले जात असे. थकलेल्या माणसाची आठवण आणि ताज्या माणसाची आठवण यांतही फरक असतो.

पद्धत सुधारू नये, असा याचा अर्थ नाही. पण कालावधी बदलताना जुनी प्रश्नावली नमुन्याच्या एका वेगळ्या गटात निदान एक फेरी तरी चालू ठेवली पाहिजे, जशी ती १९९४ नंतर ठेवली गेली होती आणि २०११-१२ मध्येही स्वतंत्र प्रश्नावल्यांनी ठेवली गेली. त्या वेळी ती काळजी घेतली गेली म्हणूनच आज १,४३० हा आकडा तुलनेसाठी हाताशी आहे. १९९९-२००० मध्ये ती घेतली गेली नाही, आणि त्या काळात गरिबी नेमकी किती घटली याचे वादातीत उत्तर कधीच मिळू शकले नाही.