वारा पडला तरी पैसे देणारी पवनचक्की

मागच्या दिवाळीनंतर आम्ही चौघं ठोसेघरहून चाळकेवाडीच्या पठारावर गेलो होतो. पावसाळ्यातला तो भन्नाट वारा पडलेला, त्यामुळे बऱ्याच पवनचक्क्या नुसत्या उभ्या. मी सहज म्हटलं, "एवढ्या महागड्या वस्तू अशा नुसत्या उभ्या राहिल्या तर मालकाचे पैसे कधी सुटणार?" आमच्यातला एक सीए आहे. तो हसून म्हणाला, "अरे, जुन्या मालकांपैकी कित्येकांचे पहिले पैसे वाऱ्याने दिलेच नाहीत. घसाऱ्याने दिले."

मला ते पटेना. घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, म्हणजे खर्च. खर्चातून पैसे कसे येतील? घरी येऊन कागद-पेन घेऊन बसलो, आणि दोन तासांनी माझं एक मत तयार झालं. तेच इथे मांडतोय.

आधी मूळ गोष्ट. कंपनीने 5 कोटींचं मशीन घेतलं तर पैसे त्याच दिवशी खिशातून जातात, पण हिशेबात तो खर्च एकदम दाखवत नाहीत. मशीन झिजेल तसा दरवर्षी थोडा थोडा दाखवतात. म्हणजे पुढच्या वर्षांत नफ्यातून जी घसाऱ्याची रक्कम वजा होते, ती कोणाला द्यायची नसते. ना चेक फाटतो, ना बँकेतून काही जातं. पण नफा कागदावर कमी झाला की टॅक्स मात्र खरोखर कमी भरावा लागतो. हा जो वाचलेला टॅक्स, त्यालाच टॅक्स शील्ड म्हणतात.

आता पवनचक्कीचा हिशेब. 2012 पर्यंत आपल्याकडे पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 80 टक्के घसारा मिळायचा, साध्या मशिनरीवर 15 टक्के. आपण 2009-10 सालातली एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचा मूळ धंदा सुताचा, वर्षाचा नफा 6 कोटी. तेव्हा मोठ्या कंपनीला सरचार्ज आणि सेस धरून 33.99 टक्के टॅक्स होता, म्हणजे भरायचे 2 कोटी 4 लाख. या कंपनीने 5 कोटींना एक मेगावॅटची पवनचक्की घेऊन सप्टेंबरच्या आत सुरू केली. घसारा 4 कोटी. टॅक्ससाठीचा नफा उरला 2 कोटी, टॅक्स 68 लाख. कागदावर नफा 4 कोटींनी घटला आणि बँकेत 1 कोटी 36 लाख जास्त राहिले. आमचा सीए म्हणाला ते हेच.

सप्टेंबरच का? कारण वस्तू त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा अर्धाच मिळतो. पण त्यातही गंमत आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात चक्की एकदाची फिरवून दाखवली तरी 40 टक्के, म्हणजे 68 लाखांचा टॅक्स लगेच वाचतो. पैसे गुंतवून महिनाही झालेला नसतो. त्यामुळे चक्क्या सुरू करायची घाई वाऱ्याचं कॅलेंडर बघून नाही, तर आर्थिक वर्षाचं बघून व्हायची.

इथे एक गैरसमज होतो, माझाही झाला. हे 1 कोटी 36 लाख सरकारने बक्षीस दिले का? नाही. 5 कोटींवर एकूण घसारा 5 कोटीच मिळणार, आणि दर तोच राहिला तर एकूण टॅक्स वाचणार 1 कोटी 70 लाख. 80 टक्क्यांनी घ्या नाहीतर 15 टक्क्यांनी, बेरीज तीच. फरक फक्त कधी मिळतं याचा. 15 टक्क्यांनी पहिल्या वर्षी जेमतेम साडेपंचवीस लाख आले असते आणि उरलेले पुढे वर्षानुवर्षं ठिबकत राहिले असते. लवकर आलेल्या पैशाची आजची किंमत काढायला सोपं सूत्र आहे:

```
PV = C × t × d / (r + d)
```

C म्हणजे किंमत, t टॅक्सचा दर, d घसाऱ्याचा दर, r व्याज. व्याज 12 टक्के धरलं तर 80 टक्क्यांनी येतात 1 कोटी 48 लाख, आणि 15 टक्क्यांनी 94 लाख. म्हणजे सवलतीची खरी किंमत सुमारे 53 लाख. ही काही छोटी रक्कम नाही, पण 1 कोटी 36 लाख पण नाही.

आता माझा मुद्दा. ही चक्की चांगल्या जागी असेल आणि क्षमतेच्या 20 टक्के चालली तर वर्षाला साडेसतरा लाख युनिट वीज देईल. युनिटला साडेतीन रुपये धरू, झाले 61 लाख. भिकार जागी, 12 टक्केच चालली, तर साडेदहा लाख युनिट, म्हणजे 37 लाख. वर्षाला 24 लाखांचा फरक, तोही पुढची वीस वर्षं. पण टॅक्स शील्ड? दोन्ही जागी अगदी सारखीच. एका पैशाचा फरक नाही. चांगल्या जागीसुद्धा पहिल्या वर्षाची शील्ड ही दोन वर्षांच्या वीजविक्रीपेक्षा मोठी. मग सुताच्या मालकाने वाऱ्याचे आकडे कशाला काळजीपूर्वक वाचावेत?

उलट बाजूही बघा. जो फक्त वीजच बनवणार, ज्याला दुसरा नफाच नाही, त्याला ही शील्ड सुरुवातीला निरुपयोगी. वाचवायला आधी टॅक्स तरी लागायला हवा ना! त्याचा घसारा पुढच्या वर्षांसाठी साठत राहतो, पण लवकर मिळण्याचा फायदा गेला. म्हणजे ज्याला विजेत खरा रस त्याला कमी, आणि ज्याला टॅक्समध्ये रस त्याला जास्त. म्हणूनच 2009 च्या शेवटी सरकारने, हा घसारा न घेणाऱ्यांसाठी, युनिटमागे 50 पैसे द्यायची योजना आणली. मला हीच पद्धत जास्त बरोबर वाटते. पैसे चक्की उभी केल्याबद्दल नाहीत, फिरल्याबद्दल.

आमच्या सीएचं म्हणणं वेगळं. तो म्हणतो, या सवलतीशिवाय सूतवाल्याने डोंगरावर 5 कोटी लावलेच नसते. त्यात तथ्य आहे. एप्रिल 2012 मध्ये घसाऱ्याची सवलत काढली, युनिटमागचे पैसेही तेव्हाच थांबले, आणि त्या वर्षी नव्या पवनचक्क्या जवळपास निम्म्यावर आल्या. 2014 मध्ये 80 टक्के परत आणावे लागले, एप्रिल 2017 पासून ते 40 वर आले. शिवाय 2019 साली कंपन्यांना 25.17 टक्के टॅक्सचा पर्याय मिळाला. त्या पर्यायात तीच 5 कोटींची चक्की पहिल्या वर्षी फक्त 50 लाख वाचवते. टॅक्सचा दर उतरला की ढालही पातळ होते, हे कोणी फारसं बोलत नाही.

म्हणून दर मार्चमध्ये "टॅक्स वाचवायला मशीन घेतलं" असं कोणी म्हणालं की मी एकच विचारतो: शील्ड बाजूला ठेवून हिशेब केलास का? आमच्या सूतवाल्याने 5 कोटी घालून 1 कोटी 70 लाख वाचवले. उरलेले 3 कोटी 30 लाख वाऱ्यानेच द्यायचेत. आणि वाऱ्याला 31 मार्च कळत नाही.