नाकातला मणी आणि नाकातला बटन सेल यांना एकच नियम नको



लहान मुलाने नाकात किंवा कानात काही घातले की घरात, आणि कित्येकदा दवाखान्यातही, एकच सल्ला ऐकू येतो : मूल रडत नसेल तर सकाळी तज्ज्ञांना दाखवले तरी चालेल. प्लास्टिकच्या मण्यापुरता हा सल्ला बहुतांशी योग्य आहे. परंतु मनगटी घड्याळे, गाणारी भेटकार्डे, विजेवरच्या पणत्या आणि लुकलुकणाऱ्या राख्या यांत असणारी चपटी, गोल बॅटरी, म्हणजेच बटन सेल, नाकात असेल तर त्याच सल्ल्याने मुलाचे नाक कायमचे अधू होऊ शकते. आत नेमके काय गेले आहे हे पुष्कळदा कोणालाच ठाऊक नसते, म्हणून निराळे काही सिद्ध होईपर्यंत ती वस्तू बटन सेलच आहे असे धरून चालावे, हा नियम घरांनी आणि रुग्णालयांनी स्वीकारणे आवश्यक आहे.

मणी आत गेल्यावर तिथे निष्क्रिय पडून राहतो. त्याच्या भोवती सूज येते, काही दिवसांनी त्याच एका नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव वाहू लागतो, आणि तो मागे सरकून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, म्हणून तोही काढावाच लागतो. मात्र श्वासाचा त्रास नसेल तर योग्य हत्यारे आणि सरावाचा हात मिळेपर्यंत काही तास थांबण्याने सहसा नुकसान होत नाही. उलट घाईने चिमट्याने पकडायला गेल्यास गुळगुळीत मणी निसटून आणखी आत ढकलला जातो, आणि म्हणूनच तज्ज्ञ डॉक्टर बाकदार टोकाचा आकडा मण्याच्या वरून पलीकडे नेऊन त्याला मागून पुढे ओढतात. मुलाची मोकळी नाकपुडी बोटाने दाबून आईने त्याच्या तोंडात झटकन फुंकर मारण्याची जी युक्ती १९६५ मध्ये प्रथम वर्णिली गेली, तीही डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली केल्यास साधारण ६० टक्के मुलांमध्ये यशस्वी होते.

बटन सेलची गोष्ट मुळातच वेगळी आहे, कारण तो आत पडून राहत नाही, तर काम करू लागतो. सेल फुटून त्यातले रसायन गळते आणि त्याने इजा होते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सेल पूर्ण शाबूत असतानाही इजा होते, कारण नाकातल्या ओलाव्यामुळे त्याच्या धन आणि ऋण बाजूंमधून वीज वाहू लागते, तिथल्या पाण्याचे विघटन होते आणि ऋण बाजूपाशी तीव्र अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या जातीचा दाहक पदार्थ, तयार होतो. हा पदार्थ ऊतींना नुसते भाजत नाही, तर विरघळवत खोल शिरतो. पाण्याच्या विघटनाला सुमारे १.२ व्होल्ट पुरतात आणि या जातीच्या लहान सेलचा दाब १.५ व्होल्टच्या आसपास असतो, त्यामुळे ज्या सेलवर राखीतला दिवा लागेनासा झाला आहे, तो ‘संपलेला’ सेलही नाकात इजा करण्याइतका जिवंत असू शकतो.

एका नमुन्यादाखल प्रसंगाने हे स्पष्ट होईल. राखीपौर्णिमेच्या संध्याकाळी राखीतून निघालेला, ७.९ मिलिमीटर व्यासाचा आणि ३.६ मिलिमीटर जाडीचा सेल चार वर्षांच्या मुलाने नाकात घातला आणि त्याची ऋण बाजू नाकाच्या दोन पोकळ्यांमधल्या पडद्याला टेकली, असे समजा. पहिल्या तासाभरात मूल थोडे किरकिरते, त्याच बाजूने पाणी वाहते, आणि घरातले सर्दी म्हणून नाकात थेंब सोडतात. हे थेंब खारट पाण्याचे असल्याने विजेला अधिकच चांगली वाट मिळते. नंतर स्राव काळपट किंवा रक्तमिश्रित होतो, नाकपुडी सुजते, आणि पडद्यावरची श्लेष्मल त्वचा, म्हणजे आतले ओलसर अस्तर, मरू लागते. पडद्यातल्या कूर्चेला, म्हणजे त्यातल्या मऊ हाडाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात आणि तिचे पोषण वरच्या आवरणावर अवलंबून असते, त्यामुळे आवरण गेले की कूर्चाही जाते. अवघ्या काही तासांत पडद्याला भोक पडण्याइतकी इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पुढे नाकात खपल्या धरणे, वारंवार रक्त येणे आणि कूर्चा अधिक गेल्यास वाढत्या वयात नाकाचा मधला भाग खचणे, हे त्याचे परिणाम असतात. सकाळपर्यंत थांबणे म्हणजे दहा-बारा तास, आणि इजेचा मोठा भाग त्याच्या कितीतरी आधी घडून गेलेला असतो. कानात हीच क्रिया कानाचा पडदा आणि त्यामागची सूक्ष्म हाडे यांचा नाश करू शकते, म्हणून अशा कानात थेंब, पाणी किंवा तेल काहीही घालू नये.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की प्रत्येक मुलाचा एक्स-रे काढणे अनावश्यक आहे. येथे आग्रह प्रत्येक मुलाचा नाही, तर ज्याच्या नाकातली वस्तू दिसत नाही किंवा ओळखता येत नाही त्याचाच आहे. डोळ्यांना सेल स्पष्ट दिसत असल्यास एक्स-रेसाठीही थांबू नये. समोरून काढलेल्या छायाचित्रात सेलच्या कडेला एकात एक अशी दोन वर्तुळे दिसतात आणि बाजूने पाहिल्यास पायरीसारखी कड दिसते, तर नाण्याला या दोन्ही खुणा नसतात. प्लास्टिकचा मणी मात्र एक्स-रेत दिसतच नाही, त्यामुळे कोऱ्या छायाचित्राचा अर्थ ‘सेल नाही’ एवढाच घ्यावा, ‘नाक रिकामे आहे’ असा नव्हे.

दुसरा आक्षेप असा, की तालुक्याच्या गावी कान-नाक-घसा तज्ज्ञ रात्री मिळत नाही. हे खरे आहे, परंतु एक्स-रेची सोय बहुधा तज्ज्ञापेक्षा जवळ असते, आणि सेल असल्याचे कळताच १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवता येते, पुढच्या रुग्णालयाला आधी कळवता येते, आणि भूल द्यावी लागेल म्हणून वाटेत मुलाला खाऊ-पिऊ घालू नये हेही सांगता येते. पोट रिकामे होण्याची किती वाट पाहायची याचा निर्णय भूलतज्ज्ञाचा असला, तरी तो घेताना प्रत्येक तासाला इजा वाढते आहे हे गृहीत धरलेच पाहिजे. सेल निघाल्यावरही नाक धुऊन दोन्ही बाजू तपासाव्या लागतात आणि पुढचे काही आठवडे फेरतपासणी करावी लागते, कारण पडद्याला पडणारे भोक काही वेळा नंतर उघड होते.

ऑस्ट्रेलियाने बटन सेल असलेल्या ग्राहकवस्तूंसाठी २२ जून २०२२ पासून सक्तीचे मानक लागू केले असून, सेलचा कप्पा मुलाला सहज उघडता येऊ नये हा त्याचा गाभा आहे. राखी किंवा पणती खेळणे म्हणून विकली जात नसली, तरी ती मुलांच्याच हातात जाते. तेव्हा हीच अट भारतात अशा वस्तूंनाही लागू व्हावी आणि रुग्णालयांच्या अपघात विभागांनी नाकाकानातल्या बटन सेलची नोंद तातडीच्या रुग्णांत करावी. तोवर पालकांनी एवढे करावे : नाकात काय गेले हे माहीत नसेल, तर घरातल्या राखीतला, पणतीतला, रिमोटमधला सेल जागेवर आहे का ते पाहावे, आणि तो सापडला नाही तर सकाळची वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

— एक वाचक, पुणे